ताटाच्या आवाजाला वळणारे लेकरू: उशिरा बोलण्यामागे श्रवणदोष आहे का, याचा एक प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबातील दोन वर्षे पाच महिन्यांच्या मुलाला ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे टोळ्या कारखान्यांकडे निघण्याच्या थोडे आधी, श्रवण व वाचा तपासणीसाठी आणण्यात आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून मुलाला येथे शिवम म्हटले आहे. तक्रार एकच होती, ती म्हणजे मुलगा बोलत नाही. आई, बाबा, मामा, नाना, खाण्यासाठी ‘मम’, कुत्र्यासाठी ‘भू’ आणि आणखी दोन-तीन उद्गार एवढाच त्याचा शब्दसंग्रह होता, आणि दोन शब्द जोडून तो काहीच म्हणत नव्हता. या वयाची बहुतेक मुले ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी जोडणी सहज करतात आणि त्यांच्याजवळ पन्नासाहून अधिक शब्द असतात. दोन वर्षे पूर्ण होऊनही शब्दांची जोडणी सुरू झाली नसेल, तर वाट पाहणे थांबवून तपासणी करावी, असा या क्षेत्रातील संकेत आहे.

घरच्यांनी वाट पाहिली होती, आणि त्यामागे त्यांची कारणेही होती. आजी ठामपणे म्हणाली, “ऐकू येतंय की त्याला. ताट वाजवलं की लगेच वळतंय, फटफटी आली की दारात पळतंय. त्याचा बापबी तिसऱ्या वर्षीच बोलला.” एका दवाखान्यात त्यांना मुलगे उशिराच बोलतात असे सांगण्यात आले होते, तर दुसरीकडे जिभेखालची तार कापून घेण्याचा सल्ला मिळाला होता. जिभेखालची तार आखूड असल्यास काही उच्चारांत किंवा अंगावर पिण्यात अडचण येऊ शकते, परंतु त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही असे होत नाही. ती कापली गेली नाही हे बरे झाले, कारण शस्त्रक्रिया किरकोळ असली तरी त्यानंतर ‘आता बोलेल’ या आशेवर आणखी वर्षभर सहज गेले असते. आईचे म्हणणे मात्र आजीपेक्षा वेगळे होते. हाक मारली की तो कधी बघतो, कधी बघत नाही, आणि पाठ असली की बहुधा बघतच नाही, असे तिने सांगितले. तपासणीची दिशा तिच्या या एका निरीक्षणाने ठरली.

पूर्वेतिहासात तीन गोष्टी महत्त्वाच्या आढळल्या. शिवमचा जन्म गाळप हंगामात, कारखान्याजवळच्या एका रुग्णालयात झाला होता आणि जन्मानंतर कानांची चाचणी झाली नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि फिरती पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. परंतु दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जे मूल फडावरच्या कोपीत असते, ते गावच्या अंगणवाडीच्या पटावर असूनही पथकाला भेटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नवजात अवस्थेतील कावीळ, ज्यासाठी त्याला काही दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले होते; रक्त बदलावे लागले नव्हते. तिसरी गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगितली नसती. शिवमची आई ही त्याच्या वडिलांची सख्खी मामेबहीण आहे, आणि वडिलांच्या चुलत आत्येला लहानपणापासून ‘कमी ऐकू’ येते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून सर्रास असल्याने या नात्याचा उल्लेख करण्यासारखे काही आहे असे घरच्यांना वाटतच नाही. आई आणि वडील दोघांकडून एकच दोषयुक्त जनुक आल्यास होणाऱ्या बहिरेपणाची शक्यता मात्र अशा नात्यात वाढते. कान वाहणे, मेंदूज्वर, डोक्याला मार यांपैकी काही घडलेले नव्हते.

आजीचा पुरावा खोटा नव्हता, परंतु तो ज्यासाठी दिला जात होता त्यासाठी अपुरा होता. साधे संभाषण तीन फुटांवरून ऐकताना सुमारे ६० डेसिबलचे असते, तर जवळून बडवलेले स्टीलचे ताट ९० च्या आसपास किंवा त्याहून वर जाते. शिवाय ताट वाजवणारा माणूस बहुधा मुलाच्या नजरेच्या कडेला उभा असतो आणि त्याचा हात हललेला मुलाला दिसतो. टाळीचेही तेच आहे. मागून वाजवली तरी वाऱ्याचा झोत मानेला लागू शकतो. फटफटीच्या आवाजात मोठा भाग खालच्या पट्टीचा, म्हणजे जाड, घुमणाऱ्या सुरांचा असतो. म्हणून ताटाला वळणाऱ्या मुलाबद्दल एवढेच म्हणता येते की ते पूर्ण बहिरे नाही. भाषा शिकण्यासाठी लागते तेवढे त्याला ऐकू येते का, हा प्रश्न तसाच उरतो.

खालच्या आणि वरच्या पट्टीतील हा फरक या प्रकरणाचा गाभा आहे. बोलण्यातील आ, ऊ, ओ हे स्वर आणि म, न ही व्यंजने यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या खाली असते, तर श, स, च यांसारख्या ध्वनींची ताकद २००० च्या वर, ‘स’ची तर ४००० च्याही वर असते, आणि हे ध्वनी मुळातच हलके असतात. ज्या मुलाचा आतला कान खालच्या पट्टीत बरा आणि वरच्या पट्टीत कमजोर असतो, त्याला कोणीतरी बोलत आहे हे कळते, आवाज कोणाचा हेही कळते, पण काय म्हटले ते अर्धेच पोहोचते. शिवमच्या मोजक्या शब्दांकडे या दृष्टीने पाहिले तर ते जवळजवळ सगळे स्वर आणि म, न, ब, भ यांचे बनलेले दिसतात. अर्थात यावरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य नाही, कारण उत्तम ऐकणारी मुलेही प्रथम हेच ध्वनी उच्चारतात, आणि श, स, र त्यांच्याकडूनही पुष्कळ उशिरा शुद्ध येतात. मूल काय उच्चारते यापेक्षा ते कशाला प्रतिसाद देते, हे अधिक विश्वसनीय आहे.

म्हणून यंत्रांकडे जाण्यापूर्वी साध्या खोलीत निरीक्षण करण्यात आले. शिवम आईसमोर बसून ठोकळे रचत होता. त्याच्या मागे चार फुटांवर, सावली पुढे पडणार नाही आणि फरशीवर पाय वाजणार नाही अशा बेताने बसून, दोन आवाजांमध्ये बराच वेळ जाऊ देत, एकेक ध्वनी रोजच्या बोलण्याइतक्याच जोराने काढण्यात आला. ‘ऊऽ’ला त्याचा हात थांबला आणि तो वळला. ‘आऽ’ला वळला. ‘म्’ला हात थांबला, पण तो वळला नाही. ‘श्श्’ला काहीच नाही, ‘स्स्’ला काहीच नाही, प्लास्टिकची पिशवी चुरगाळल्यावरही नाही. त्याच ‘श्श्’चा आवाज बराच वाढवून कानाजवळ आणल्यावर त्याने मान वर केली. हाच क्रम थोड्या वेळाने पुन्हा केला तेव्हा उत्तरे तीच आली. ही पुनरावृत्ती आवश्यक असते, कारण एकदा न वळणे म्हणजे खेळात दंग असणेही असू शकते. परंतु दंग असलेले मूल सगळ्याच आवाजांकडे दुर्लक्ष करते, केवळ ‘श’ आणि ‘स’कडे नव्हे.

त्यानंतर आईला पदराने तोंड झाकून ‘चप्पल आण’ असे सांगायला लावले. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. पदर काढून तिने तेच वाक्य म्हटले तेव्हा त्याने तिच्या ओठांकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले, आणि तिने हनुवटीने दाराकडे नुसता इशारा करताच तो चप्पल घेऊन आला. घरातले लोक ‘त्याला सगळं समजतं’ म्हणतात ते यामुळे. त्याला समजते हे खरे आहे, पण त्यातील बराच भाग तो डोळ्यांनी समजून घेतो.

याच वेळी दुसऱ्या शक्यताही तपासणे भाग होते, कारण हाकेला ओ न देणे हे स्वमग्नतेचेही लक्षण असते आणि आजकाल अशा मुलावर मोबाईलचा ठपका तर लगेच ठेवला जातो. शिवम नजरेला नजर देत होता. हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत होता, आणि नुसती आवडलेली वस्तू आईने पाहावी म्हणूनही दाखवत होता. रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवण्याचा खेळ त्याने कोणी न शिकवता केला, आणि सात ठोकळ्यांचा मनोरा त्याने सरळ रचला. बुद्धी, सामाजिक ओढ आणि हाताचे कौशल्य वयाला साजेसे, मागे फक्त बोलणे आणि नुसत्या कानाने समजणे, असे चित्र असेल तर संशय कानावर सर्वांत आधी जातो. उलट चित्र दिसले असते तरीही कानाची तपासणी टाळता आली नसती, कारण दोन्ही दोष एकाच मुलात असू शकतात.

कानाच्या डॉक्टरांनी प्रथम मळ काढून पडदे पाहिले. उजवा पडदा स्वच्छ होता, डावा निस्तेज आणि आत ओढलेला होता. मुलाला आठवडाभर सर्दी होती. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानात हवेचा दाब थोडा बदलून पडदा किती हलतो हे मोजणारी चाचणी, याला दुजोरा देणारी ठरली: उजवीकडे शिखर असलेला नेहमीचा आलेख, डावीकडे सपाट रेषा. डाव्या मधल्या कानात पाणी साचले होते. त्यानंतर ओएई ही चाचणी झाली. निरोगी आतला कान ध्वनी ऐकल्यावर स्वतः एक अत्यंत सूक्ष्म प्रतिध्वनी बाहेर टाकतो, तो या चाचणीत टिपला जातो. साधारण ३० डेसिबलपेक्षा अधिक दोष असल्यास तो सहसा मिळत नाही. शिवमच्या दोन्ही कानांतून तो मिळाला नाही.

दोन्ही कानांचा निकाल कागदावर सारखा दिसत असला तरी त्याचा अर्थ सारखा नव्हता. डावीकडे पाणी होते आणि पाण्यातून हा प्रतिध्वनी सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे डाव्या बाजूच्या ‘नाही’वरून आतल्या कानाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते. उजवीकडे पडदा मोकळा होता, हवा होती, वाटेत अडथळा नव्हता, तरीही प्रतिध्वनी नव्हता. म्हणजे उजवा आतला कानच दोषी होता. शिवमची सर्दी दोन्ही कानांत भिनली असती, तर पाण्यालाच सगळे कारण समजून थेंब आणि गोळ्यांवर महिने काढण्याचा मोह झाला असता. या वयात मधल्या कानात पाणी साचणे इतके सामान्य आहे की त्यामागे लपलेला कायमचा दोष सहज निसटतो. पाण्याने ऐकण्यात येणारी घट बहुधा २५ ते ४० डेसिबलची असते आणि ती सर्दीबरोबर कमीजास्त होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

ओएईवर थांबता येत नव्हते, त्याला आणखी एक कारण होते. नवजात अवस्थेत तीव्र कावीळ झालेल्या काही मुलांत आतला कान चांगला असतो पण त्यापुढील मज्जातंतू ध्वनीचा संदेश नीट वाहून नेत नाही. अशा मुलात ओएई चांगली येते आणि दोष फक्त बेरा चाचणीत उघड होतो. शिवमची ओएई चांगली आली असती तरी बेरा करावीच लागली असती. बेरामध्ये डोक्यावर तारा लावून, ध्वनीनंतर मेंदूपर्यंतच्या मार्गात उठणाऱ्या विद्युत लहरी नोंदवतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेले लागते. शिवमला आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवण्यास सांगितले होते, पण बसच्या प्रवासात तो झोपून घेऊन आला, आणि बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपेचे औषध देऊनही पहिल्या वेळी तो चुळबुळ करत राहिला. हललेल्या मुलाच्या नोंदीत लहरी दिसत नाहीत, आणि अशा नोंदीवर ‘९० डेसिबललाही प्रतिसाद नाही’ असे लिहिले गेले तर मध्यम दोषाचे मूल ठार बहिरे ठरते. म्हणून ती नोंद रद्द करून दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करण्यात आली.

या वेळी उजवीकडे ‘क्लिक’ या छोट्या टकटक ध्वनीचा आवाज कमी करत नेला तेव्हा ५० डेसिबलपर्यंत लहर मिळाली, डावीकडे फक्त ६५ पर्यंत. पुष्कळ अहवाल येथेच संपतात. परंतु क्लिकचे उत्तर प्रामुख्याने २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते, खालच्या पट्टीबद्दल फारसे सांगत नाही. म्हणून उजव्या कानात एकेका पट्टीचे ध्वनी देऊन बेरा केली, तेव्हा ५०० हर्ट्झला सुमारे ३०, १००० ला ४५, २००० ला ५५ आणि ४००० ला ६५ डेसिबल असा आलेख मिळाला, म्हणजे पट्टी जितकी वरची तितका मोठा आवाज त्याला लागत होता. ‘ऊ’ला वळणारा आणि ‘श’ला न वळणारा मुलगा या आकड्यांत जसाच्या तसा उतरला होता. नंतर जागेपणी, आवाजाकडे वळल्यावर दिवा लागून हलणारे खेळणे दिसते अशा खोलीत घेतलेल्या चाचणीतही त्याने ५०० ला ३५ आणि २००० ला ६० डेसिबलवर मान वळवली. झोपेतील यंत्राचे उत्तर, जागेपणीचे वर्तन आणि खोलीतील निरीक्षण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या. त्या जुळल्या नसत्या तर निष्कर्ष लांबणीवर टाकावा लागला असता.

डाव्या कानाच्या ६५ पैकी पाण्याचे किती आणि आतल्या कानाचे किती, हे त्या दिवशी ठरवता आले नाही. हाडावाटे ध्वनी देऊन मधल्या कानाला वळसा घालता येतो, परंतु कवटीवर दिलेला ध्वनी दोन्ही आतल्या कानांना पोहोचतो, आणि उत्तर चांगल्या बाजूकडून आले की डाव्या, हे झोपलेल्या लहान मुलात खात्रीने वेगळे करणे सोपे नसते. त्यामुळे डाव्या बाजूचा निष्कर्ष ‘तात्पुरता’ म्हणून लिहिण्यात आला.

उशिरा बोलण्याचे कारण श्रवणदोष आहे का, याचे उत्तर आता देता येत होते: होय, आणि एवढा दोष त्या विलंबासाठी पुरेसा आहे. उजव्या कानाची चारही पट्ट्यांची सरासरी सुमारे ४९ डेसिबल येते आणि तिला वैद्यकीय भाषेत ‘मध्यम’ म्हणतात. माझ्या मते हे विशेषण पालकांना चकवते, कारण मध्यम दोष असलेल्या मुलाला मागून, लांबून किंवा गलक्यात बोललेले निम्मेअधिक शब्द मिळतच नाहीत, आणि मुले भाषा मुख्यतः अशाच कानावर पडलेल्या बोलण्यातून उचलतात. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ होण्यासाठी दोन्ही कानांत ६० डेसिबलचा दोष लागतो. शिवम त्यात बसत नाही. प्रमाणपत्र मिळत नाही म्हणजे दोष नाही, असा समज त्याच्या वडिलांचा झाला होता आणि तो दूर करायला वेळ द्यावा लागला.

दोन्ही कानांना मऊ साच्यासह कानामागची श्रवणयंत्रे बसवण्यात आली. डाव्या कानाचे पाणी ओसरण्याची वाट पाहिली नाही. त्या बाजूचा आवाज नंतर बदलता येईल असा ठेवला आणि तीन महिन्यांनंतरही पाणी राहिले तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार करावा, असे ठरले. आईवडील टोळीबरोबर गेले, मुलगा आजीजवळ गावी राहिला. पहिल्या महिन्यानंतर यंत्रातील नोंदीत रोजचा वापर जेमतेम तीन तासांचा दिसला, कारण ‘कान दुखेल’ म्हणून आजी दुपारपासून ती काढून ठेवत असे. साचा एका जागी घासत होता, तो बदलून दिल्यावर वापर आठ तासांवर गेला. वाढत्या कानामुळे या वयात साचे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. सैल साच्यातून शिट्टी येऊ लागली की घरचे लोक यंत्रच बंद करून ठेवतात.

डाव्या कानातील पाणी जानेवारीत ओसरलेले आढळले आणि फेरबेरामध्ये तोही कान ५० डेसिबलवर आला. म्हणजे डाव्या बाजूला १५ डेसिबलचा भार पाण्याचा होता आणि बाकीचा दोष उजव्यासारखाच कायमचा होता. एप्रिलमध्ये आईवडील परतले तेव्हा शिवमजवळ चाळीसच्या आसपास शब्द होते आणि ‘आजी ये’, ‘नाना गेला’ अशा जोडण्या सुरू झाल्या होत्या. यंत्रे लावून मागून काढलेल्या ‘श’ला तो सहा फुटांवरून वळत होता, ‘स’ला मात्र कधी वळत होता, कधी नाही. तीन वर्षांच्या पुढे आवाज आला की मणी डब्यात टाकण्याच्या खेळातून प्रत्येक कानाची प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे मोजता येईल, आणि तेव्हा यंत्रांची वरची पट्टी पुन्हा जुळवावी लागेल.

शिवमची आई या दरम्यान पुन्हा गरोदर राहिली आहे. जनुकीय चाचणी झालेली नाही, परंतु दोष आईवडील दोघांकडून आलेला असेल, तर प्रत्येक पुढच्या बाळात तो येण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे बाळंतपण गावी होवो की कारखान्यावर, बाळाची ओएई आणि बेरा दोन्ही पहिल्या महिन्यात व्हाव्यात, दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान पक्के व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र लागावे, असे तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर लिहून देण्यात आले आहे.